८००, १२५० की १०००? दूर पळणाऱ्या दिव्याच्या प्रकाशाचं गणित

गणित दोन ओळींचं होतं. एक दिवा आपल्यापासून प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने सरळ दूर चाललाय. त्याचा प्रकाश मूळचा ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा आहे. आपल्याला तो किती तरंगलांबीचा मिळेल? नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत बारावीची तीन मुलं हे गणित घेऊन माझ्यासमोर बसली होती आणि तिघांची उत्तरं तीन होती. एकाचं ८००, एकीचं १२५०, एकाचं १०००.

"सर, याने आणि मी एकच सूत्र वापरलंय," ती म्हणाली. "वेग कमी असतानाचं. बदल म्हणजे v/c. मग उत्तरात एवढा फरक कसा?"

तिची शंका रास्त होती. इथे v म्हणजे दिव्याचा वेग आणि c म्हणजे प्रकाशाचा. पहिल्याने v/c तरंगलांबीला लावलं होतं. तरंगलांबी साठ टक्के वाढली, ५०० चे ८०० झाले. तिने तेच वारंवारितेला लावलं. वारंवारिता साठ टक्के घटली, ०.४ पट उरली, म्हणून तरंगलांबी ५०० भागिले ०.४, म्हणजे १२५०. तिसऱ्याने सापेक्षतेचं सूत्र पाठ केलं होतं, त्यात आकडे घातले आणि १००० काढले. बरोबर तोच होता, पण का बरोबर ते त्यालाही सांगता येईना.

पुस्तकात या ठिकाणी एक वाक्य असतं: वेग फार असेल तर साधं सूत्र चालत नाही. ते खरं आहे, पण अपुरं आहे. साधं सूत्र नेमकं कुठल्या बाजूला चुकतं? तरंगलांबीत लिहिलं तर ते बदल कमी सांगतं, ६० टक्के. खरा बदल १०० टक्के आहे. वारंवारितेत लिहिलं तर तेच सूत्र बदल जास्त सांगतं, ६० टक्के घट. खरी घट ५० टक्के आहे. एकच सूत्र, आणि दोन रूपांत दोन विरुद्ध दिशांना चुकतं. आणखी एक गंमत बघा. ८०० आणि १२५० यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा. बरोबर १००० येतात. हा योगायोग नाही. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, की हे १००० मधे का येतात.

आधी आवाजाकडे जाऊ, कारण ही दोन्ही चुकीची उत्तरं मुळात तिथली आहेत आणि तिथे ती दोन्ही बरोबर आहेत.

समजा तुम्ही ओढा स्टेशनजवळ रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभे आहात. वारा पडलेला आहे. एक गाडी तुम्हाला ओलांडून मनमाडकडे निघालीय, ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. इंजिनाचा भोंगा ४०० हर्ट्झचा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. गाडी दूर जात असताना तुम्हाला ऐकू येईल ४०० × ३४०/३७०, म्हणजे सुमारे ३६७.६ हर्ट्झ. आता उलट करा. इंजिन ओढ्याला उभं राहून भोंगा वाजवतंय आणि तुम्ही दुसऱ्या गाडीत बसून त्याच वेगाने त्याच्यापासून दूर चाललाय. आता ऐकू येईल ४०० × ३१०/३४०, म्हणजे सुमारे ३६४.७ हर्ट्झ.

दोन्ही वेळा तुमच्यातलं आणि भोंग्यातलं अंतर सारख्याच वेगाने वाढतंय. तरी आवाजात तीन हर्ट्झचा फरक. कारण मधे हवा आहे. आवाज हवेच्या आधाराने जातो, त्यामुळे हवेच्या हिशेबात कोण उभं आहे आणि कोण हलतंय या प्रश्नाला अर्थ आहे. भोंगा हलत असेल तर हवेतल्या लाटाच ताणल्या जातात. ऐकणारा हलत असेल तर लाटा जशाच्या तशा असतात, तो त्यांच्यापुढे पळतो म्हणून त्या त्याला उशिरा उशिरा गाठतात. इथे c म्हणून आवाजाचा वेग धरला, तर पहिल्या प्रकारात वारंवारिता 1/(1+v/c) पट होते, दुसऱ्यात (1−v/c) पट. अभ्यासिकेतल्या पहिल्या मुलाने नकळत 'दिवा हलतोय' असं धरलं होतं आणि त्या मुलीने नकळत 'आपण हलतोय' असं.

प्रकाशाला मधे हवा लागत नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याच्यासाठी 'ईथर' नावाचं माध्यम कल्पिलं होतं, पण १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ली यांनी ते पकडायचा प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ते माध्यम हिशेबातूनच काढून टाकलं. मग दिवा हलतोय की आपण, या प्रश्नात काही उरत नाही. फक्त एकमेकांच्या हिशेबातला वेग उरतो. म्हणजे ८०० आणि १२५० ही दोन्ही एकदम बरोबर असूच शकत नाहीत. दोन्ही वाटांनी गेलं तरी एकच उत्तर यायला हवं. ते कसं येतं हे सूत्राशिवाय, नुसत्या सेकंदांच्या हिशेबाने दाखवता येतं.

दिव्याला एक घड्याळ बांधू. त्या घड्याळाच्या दर सेकंदाला दिवा एकदा लुकलुकतो. दोन लुकलुकींमध्ये आपल्याकडे किती वेळ जातो ते मोजायचं.

पहिली वाट: आपण स्थिर, दिवा ०.६ वेगाने पळतोय. वेगात असलेलं घड्याळ आपल्या हिशेबात मंद चालतं. किती मंद, ते 1/√(1−v²/c²) या आकड्यावरून ठरतं. ०.६ चा वर्ग ०.३६, एक वजा ०.३६ म्हणजे ०.६४, त्याचं वर्गमूळ ०.८, आणि १ भागिले ०.८ म्हणजे १.२५. दिव्याचा एक सेकंद आपल्या सव्वा सेकंदाचा झाला. या सव्वा सेकंदात दिवा १.२५ × ०.६, म्हणजे ०.७५ प्रकाशसेकंद आणखी लांब गेला. दुसऱ्या लुकलुकीला तेवढं जास्त अंतर कापायचंय, त्यासाठी तिला ०.७५ सेकंद जादा लागतो. सव्वा अधिक पाऊण, दोन सेकंद.

दुसरी वाट: दिवा स्थिर, आपण ०.६ वेगाने पळतोय. आता दिव्याच्या घड्याळाने लुकलुकी नेमक्या एकेक सेकंदाने निघतात. पण आपण त्यांच्यापुढे पळतोय. मागून येणारी लुकलुक आपल्यातलं अंतर सेकंदाला फक्त ०.४ प्रकाशसेकंद या दराने भरून काढते. म्हणून आपल्याला गाठण्याच्या दोन घटनांमध्ये दिव्याच्या घड्याळाने १ भागिले ०.४, म्हणजे अडीच सेकंद जातात. पण या वेळी हलतंय ते आपलं घड्याळ, आणि मंदही तेच आहे. दिव्याच्या अडीच सेकंदांत आपलं घड्याळ २.५ भागिले १.२५ इतकंच पुढे सरकतं. पुन्हा दोन सेकंद.

लुकलुकींऐवजी प्रकाशाच्या लाटेचे उंचवटे धरा. दोन उंचवट्यांमधला वेळ दुप्पट झाला, तरंगलांबी दुप्पट झाली, ५०० चे १००० झाले. घड्याळाचा मंदपणा विसरलात तर पहिल्या वाटेने १.६ येतात, म्हणजे ८०० नॅनोमीटर, आणि दुसऱ्या वाटेने २.५, म्हणजे १२५०. पहिल्या उत्तराला १.२५ ने गुणायचं, दुसऱ्याला १.२५ ने भागायचं. एकच आकडा एकाला वर ढकलतो, दुसऱ्याला खाली ओढतो आणि दोघं मधे भेटतात. म्हणूनच वर्गमूळ. आपल्याला मिळणारी तरंगलांबी λ आणि मूळची λ₀ धरून सर्वसाधारण सूत्र असं लिहितात:

λ/λ₀ = √[(1+v/c)/(1−v/c)]

त्यात (1+v/c) हा पहिल्या मुलाचा आकडा आहे, 1/(1−v/c) हा त्या मुलीचा, आणि बाहेरचं वर्गमूळ म्हणजे त्यांची गाठभेट. "म्हणजे माझं अर्धं बरोबर होतं," ती म्हणाली. तसं म्हणायला हरकत नाही.

मग साधं सूत्र कधी वापरायचं? वेग प्रकाशवेगाच्या दहा टक्के असेल तर तीन उत्तरं १.१०००, १.१०५५ आणि १.१११ अशी येतात. एक टक्का, म्हणजे सेकंदाला तीन हजार किलोमीटर, असेल तर १.०१००, १.०१००५ आणि १.०१०१. फरक वेगाच्या वर्गाच्या निम्म्याइतका असतो, त्यामुळे वेग दहापट घटला की फरक शंभरपट घटतो. इथे बरेच जण 'दहा टक्क्यांच्या आत चालतं' असा नियम करून टाकतात. मला तो पटत नाही. चालतं की नाही हे वेगाइतकंच तुम्ही किती बारीक मोजताय यावर ठरतं.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्यांचंच बघा. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो आणि त्याच्या वर्णरेषा मागेपुढे सरकतात. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साधारण साडेबारा मीटरने डुलतो, पृथ्वीमुळे जेमतेम नऊ सेंटिमीटरने. आजचे उत्तम वर्णपटमापक सेकंदाला एक मीटरच्याही खाली मोजतात. आता समजा एक तारा आपल्या सूर्यमालेपासून सेकंदाला ३० किलोमीटरने दूर चाललाय, आणि पृथ्वीही सूर्याभोवती जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरतेय. दोन्ही वेग प्रकाशवेगाच्या एक दशसहस्रांश. इतक्या कमी वेगाला साधं सूत्र चालायलाच हवं, असं वाटतं. म्हणून एखादा दोन्ही बदलांची नुसती बेरीज करतो. पण तरंगलांबीचे हे गुणक बेरजेने जोडले जात नाहीत, एकमेकांना गुणले जातात. सुटलेला गुणाकार एक दशसहस्रांशाचा वर्ग, म्हणजे सेकंदाला तीन मीटर. शिवाय पृथ्वी सहा महिने ताऱ्याकडे आणि सहा महिने त्याच्यापासून दूर जाते, त्यामुळे या चुकीचं चिन्ह ऋतूंबरोबर पालटतं. ताऱ्याच्या नोंदींत बरोबर एक वर्षाच्या आवर्तनाचा एक ग्रह दिसू लागतो, जो तिथे नसतो. आवर्तन नेमकं एक वर्षाचं आलं की जाणकार आधी स्वतःचा हिशेब तपासतात, ते यासाठीच.

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तीस मोठ्या तबकड्यांची. हायड्रोजन अणू १४२०.४ मेगाहर्ट्झला रेडिओलहरी सोडतो, आणि लांबच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनची ही रेषा अशा दुर्बिणींना खालच्या वारंवारितेला सापडते. समजा ती १२९१.३ मेगाहर्ट्झला सापडली. रेडिओवाले पूर्वापार वारंवारितेत विचार करतात. त्यांच्या जुन्या रिवाजाने वारंवारितेतली घट भागिले मूळ वारंवारिता, गुणिले प्रकाशवेग, असा वेग येतो सेकंदाला सुमारे २७,२५० किलोमीटर. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीवाले तरंगलांबीत विचार करतात. त्याच रेषेवरून त्यांचा वेग येतो सुमारे ३०,०००. सापेक्षतेच्या सूत्राने येतो सुमारे २८,५००, पुन्हा मधे. म्हणजे अभ्यासिकेतलं भांडण व्यवसायातही आहे, फक्त तिथे त्याला 'रेडिओ वेग' आणि 'ऑप्टिकल वेग' अशी रीतसर नावं आहेत. दोन याद्या एकत्र करताना कुठला वेग कुठल्या रिवाजाचा आहे हे पाहिलं नाही, तर एकच दीर्घिका सेकंदाला सुमारे पावणेतीन हजार किलोमीटरच्या फरकाने दोनदा नोंदली जाते.

इथे एक पथ्य पाळायला हवं. दीर्घिकांच्या बाबतीत सापेक्षतेचं हे सूत्रसुद्धा जपून वापरावं. त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी मुख्यतः वाटेतल्या अवकाशाच्या प्रसरणामुळे ताणली जाते, तो स्थिर अवकाशात पळणाऱ्या दिव्याचा मामला नाही. म्हणून शहाणी माणसं वेग न लिहिता नुसतं तरंगलांबीचं वाढीव प्रमाण लिहितात, इथे ०.१. त्याला कुठलाच रिवाज चिकटत नाही. पळणाऱ्या दिव्याचं सूत्र निर्भेळ बघायचं असेल तर आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी हवं, आणि तसं एक आहे.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजनेरीच्या बाजूला शहराचा उजेड मागे टाकून संध्याकाळी वर पाहिलंत तर श्रवणाचा ठळक तारा डोक्याजवळ असतो. त्याच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेला कलून, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर एसएस ४३३ आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दृश्यप्रत चौदाच्या आसपास आहे. नावातला आकडा म्हणजे स्टीफन्सन आणि सँड्युलीक यांनी १९७७ साली छापलेल्या यादीतला क्रमांक. अंतर सुमारे १८,००० प्रकाशवर्षं. एक संहत पिंड, बहुतेकांच्या मते कृष्णविवर, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि त्यातला काही भाग दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपाने बाहेर फेकतो.

१९७८-७९ मध्ये ब्रूस मार्गन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णपट घेतले, तेव्हा हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा तीन ठिकाणी दिसली. एक मूळ जागेजवळ, आणि दोन फार सरकलेल्या, एक तांबड्याकडे, एक निळ्याकडे. या दोन्ही रात्रीगणिक जागा बदलत होत्या, आणि सुमारे १६२ दिवसांनी सगळा फेरा पुन्हा होत होता. उलगडा असा: झोतांचा अक्ष स्वतःच एका शंकूवर फिरतो, म्हणून एक झोत कधी आपल्यापासून जास्त दूर जाणारा तर कधी कमी. एकाची रेषा तांबडी होते तेवढी दुसऱ्याची निळी.

तेवढी? इथेच साध्या सूत्राची परीक्षा आहे. झोत विरुद्ध दिशांचे आणि सारख्या वेगाचे आहेत. साध्या सूत्राने एक रेषा जेवढी वर, तेवढीच दुसरी खाली, आणि दोन्हींचा मध्य कायम ६५६.३ वर. प्रत्यक्षात तसं होत नाही. झोतांचा वेग प्रकाशवेगाच्या ०.२६ पट आणि शंकूचे ठरलेले कोन घेतले, तर रेषा जास्तीत जास्त लांब असताना तांबडी सुमारे ७७१ नॅनोमीटरला आणि निळी सुमारे ५८९ ला जाते. मध्य काढा: ६८०. फेरा पुढे सरकतो, रेषा जवळ येतात, तरी मध्य तिथेच. अक्ष आपल्या नजरेच्या रेषेला काटकोनात येतो, तेव्हा दोन्ही रेषा एकमेकींवर चढतात, आणि त्याही ६८० च्या आसपासच. या क्षणी वायू आपल्याकडे येत नाही की आपल्यापासून दूरही जात नाही. साधं सूत्र म्हणतं, बदल शून्य. प्रत्यक्ष बदल २३ नॅनोमीटरहून जास्त.

साध्या सूत्रावरच अडून बसलेला माणूस यातून एक वाट काढील. तो म्हणेल, सगळी जोडीच सेकंदाला सुमारे १०,७०० किलोमीटरने आपल्यापासून दूर चाललीय, म्हणून मध्य सरकलाय. त्याला उत्तर त्याच वर्णपटात आहे: ती तिसरी, जवळजवळ न हललेली रेषा. ती त्या प्रणालीतल्याच वायूची आहे, आणि ती ६५६ च्या आसपासच आहे. जोडी कुठेही पळत नाहीये.

मध्य सरकलाय तो घड्याळामुळे. झोतातला प्रत्येक अणू म्हणजे आपला लुकलुकणारा दिवा. तो आपल्या हिशेबात मंद लुकलुकतो, मग तो कुठल्याही दिशेला जावो. जवळ-दूर जाण्याचा परिणाम दोन झोतांत उलटसुलट असतो आणि मध्य काढताना पूर्ण कटतो. मंदपणा दोन्हींत सारखा असतो, तो कटत नाही. मात्र मध्य तरंगलांबीतच काढायला हवा. वारंवारितेत काढलात तर कोनाचा परिणाम पुरता कटत नाही आणि आकडा रोज हलत राहतो.

म्हणून एसएस ४३३ च्या बाबतीत शंकूचे कोन माहीत नसले तरी वेग मिळतो. मध्य ६७९.७ भागिले मूळ ६५६.३ म्हणजे १.०३५६. हाच तो 1/√(1−v²/c²), अभ्यासिकेत १.२५ आला होता त्याच जागी. उलटं सोडवा. १ भागिले १.०३५६ म्हणजे ०.९६५६, त्याचा वर्ग ०.९३२४, एकातून वजा केला तर ०.०६७६, आणि त्याचं वर्गमूळ ०.२६. प्रत्यक्ष रेषा रुंद आणि वेड्यावाकड्या असतात, झोतांचा वेगही थोडा कमीजास्त होतो, त्यामुळे एका रात्रीच्या वर्णपटावरून आकडा इतका नेटका येत नाही. अनेक महिन्यांचे वर्णपट घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते.